अपोस्टिल की दूतावासाचं अटेस्टेशन?

आपला कागद परदेशात चालावा म्हणून यातलं काय लागणार, हे तो कुठल्या देशात जाणार त्यावर ठरतं. स्पेन अपोस्टिलच्या १९६१ च्या हेग करारात आहे, म्हणून तिथे जन्मदाखल्याला एक अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र, पुरतं. बहुधा काही दिवसांचं काम. करारात नसलेल्या देशासाठी आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग त्यांच्या दूतावासाचा. यात आठवडे सहज जातात.

खरी चूक भाषांतरात होते. स्पेनसाठी दाखल्याचं भाषांतर आधीच करून ठेवलं, तर नंतर लागलेल्या अपोस्टिलचा मजकूर त्यात येत नाही आणि कागद परत येऊ शकतो. म्हणून आधी अपोस्टिल, मगच स्पेनमान्य शपथबद्ध भाषांतरकार. दोन-चार पानांना त्याला थोडेच दिवस लागतात. अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं. दाखल्यातली नावाची चूक तशीच राहते, ती आधी दुरुस्त करा.