झोपण्यापूर्वी काय द्यावे: साखर घातलेल्या दुधाची बाटली, की मऊ भाताची वाटी आणि कपभर साधे दूध?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी घरांत एक ते तीन वर्षांच्या मुलांना रात्री झोपवण्याच्या साधारण दोन रीती दिसतात. पहिल्या रीतीत नऊ-साडेनऊच्या सुमारास बाटलीत दूध भरून, त्यात साखर किंवा चॉकलेटच्या चवीची भुकटी घालून ती मुलाच्या तोंडात दिली जाते आणि दूध पितापिताच मूल झोपी जाते. दुसऱ्या रीतीत सात-सव्वासातला मऊ भात किंवा नाचणीची खिमट देतात, तासाभराने कपातून बिनसाखरेचे दूध पाजतात, दात घासतात आणि मग अंथरुणावर नेतात. पहिली रीत थकलेल्या आईला सोपी वाटते आणि मूलही पटकन झोपते, त्यामुळे ती सोडायला घर सहजासहजी तयार होत नाही. मुलांच्या आहाराविषयी पालकांशी बोलण्याचे काम मी करते. माझे मत दुसऱ्या रीतीच्या बाजूचे आहे आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत.

सुरुवात एका गैरसमजापासून करते. साखरेने मूल उड्या मारू लागते, म्हणून रात्री साखर नको, असे अनेक आया सांगतात. मुलांना साखर आणि साखरेशिवाय गोड केलेला पदार्थ अशा दोन्ही गोष्टी कोणालाही न कळू देता देऊन केलेल्या प्रयोगांत वागण्यात तसा फरक आढळला नाही. साखर टाळायची ती दात, भूक आणि सवय या तीन गोष्टींसाठी. जागे ठेवणारे खरे पदार्थ वेगळे आहेत. पाच वाजता आजोबांच्या बशीतून मिळणारे चार घोट चहाचे आपल्याकडे कोणी मोजत नाही; पण दहा-अकरा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात त्यातील कॅफिन मोठ्या माणसापेक्षा प्रमाणाने कितीतरी जास्त होते आणि ते उतरायला काही तास लागतात. चॉकलेटच्या भुकटीतील कोकोमध्येही थोडे कॅफिन आणि त्याच जातीचे थिओब्रोमीन असते. अशा भुकट्यांत साखरेचा वाटाही मोठा असतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, तरी घराघरांत ती ‘ताकदीची पावडर’ म्हणूनच ओळखली जातात.

दुधाने झोप येते का, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. दुधात झोप आणणारा मानला जाणारा ट्रिप्टोफॅन हा घटक असतो हे खरे असले, तरी कपभर दुधातील त्याचे प्रमाण मुलाला गुंगी आणण्याएवढे नसते. गुण येतो तो पोट भरलेले असण्याचा, दुधाच्या कोमटपणाचा आणि रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने घडणाऱ्या गोष्टींचा. हे लक्षात आले की दूध साखरेशिवायही तेवढेच काम करते, हे पटायला वेळ लागत नाही. दुधात स्वतःची लॅक्टोज साखर असतेच; 150 मिलिलिटर दुधात ती सुमारे 7 ग्रॅम भरते. त्यात दोन चमचे साखर घातली की आणखी 8 ते 10 ग्रॅमची भर पडते. दोन वर्षांखालील मुलाच्या आहारात वरची साखर अजिबात नसावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपला भाग उसाचा असल्यामुळे ‘मग गूळ चालेल ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गूळ हीदेखील मुख्यतः साखरच आहे. त्यातील लोह मुलाला उपयोगी पडावे एवढा गूळ द्यायचा म्हटले, तर साखर कितीतरी जास्त होईल.

आता बाटली आणि कप समोरासमोर ठेवू. झोपेत लाळ कमी होते आणि गिळणेही मंदावते, त्यामुळे बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती दूध बराच वेळ साचून राहते. गोड दुधाने हे नुकसान वेगाने होते. पण झोपेत रात्रभर चोखत राहिल्यास साधे दूधही दात किडवू शकते. पहिली खूण ओळखायला सोपी आहे: वरचा ओठ उचलून उजेडात पाहिले, तर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. या टप्प्यावर दंतवैद्याकडे नेले तर कीड थांबवता येते; पिवळसर-तपकिरी डाग पडल्यावर उशीर झालेला असतो. कपातून बसवून दूध पाजले की ते तोंडात साचत नाही, आणि नंतर तांदळाच्या दाण्याएवढ्या फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासता येतात. त्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी द्यावे. दीड वर्षापर्यंत बाटली सुटलेली असणे बरे. अंगावर पिणाऱ्या मुलाला बाटलीची गरजच नसते.

बाटलीचा दुसरा तोटा रात्री एक-दोन वाजता कळतो. सगळीच माणसे रात्री थोडी थोडी जागी होतात आणि पुन्हा झोपतात. पण ज्या मुलाने झोपी जाणे म्हणजे बाटली चोखणे असेच शिकलेले असते, ते प्रत्येक जागेपणी बाटली मागते. आईला वाटते की त्याला भूक लागली. मग आणखी दूध दिले जाते, लंगोट भिजतो, ओल्या अंगाने मूल पुन्हा उठते, आणि सकाळी पोट भरलेले असल्यामुळे भाकरीकडे बघतही नाही.

खाऊच्या बाबतीत निवड मऊ भात, नाचणी, आणि टोस्ट-बिस्किट यांच्यात असते. मऊ भात-वरण, वर अर्धा चमचा तूप, ही माझी पहिली पसंती. मुलाच्या मुठीएवढा भात पुरेसा होतो. खानापूरकडच्या घरांत नाचणी घरचीच असते. सपाट एक टेबलचमचा, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम पीठ आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग पाऊण वाटी पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटे, कच्चा वास जाईपर्यंत शिजवावे. वर जिऱ्याची चिमूट घालावी, नाहीतर पाव केळे कुस्करून मिसळावे. नाचणी दिली म्हणजे दुधाची गरज राहिली नाही, असे मात्र समजू नये: 10 ग्रॅम पिठात सुमारे 35 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर 150 मिलिलिटर दुधात सुमारे 180. टोस्ट आणि बिस्किटे दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, पोट फार वेळ भरलेले ठेवत नाहीत आणि गोडाची सवय लावतात, म्हणून ती रात्री नकोत. पाहुण्यांनी आणलेला कुंदा आणि गोकाकचा करदंट दोन वर्षांवरील मुलाला दिवसा बोटभर चाखवण्यापुरता ठीक आहे. करदंटातील सुक्या मेव्याचे तुकडे आणि अख्खे शेंगदाणे चार वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात, ते कोणत्याही वेळी देऊ नयेत.

येथे जायफळाविषयी सांगणे भाग आहे. दुधात जायफळ उगाळून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ‘आम्ही सगळ्यांना असेच वाढवले’ असे आजी म्हणते, तेव्हा तिच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नसते. पण जायफळातील मायरिस्टिसिन जास्त झाले तर उलट्या, छातीत धडधड आणि भ्रम होतो, आणि सहाणेवर किती वळसे उगाळले त्यावरून किती पोटात गेले हे कळत नाही. लहान मुलाच्या बाबतीत हा अंदाजाचा खेळ नको. मूल अचानक फार सुस्त दिसले तर काय दिले होते ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

निपाणीजवळच्या गावातील बावीस महिन्यांच्या एका मुलाचे उदाहरण येथे तपशिलाने देते. तो रात्री साडेनऊला 240 मिलिलिटर, एकला 180 आणि चारला पुन्हा 180 असे चॉकलेटची भुकटी घातलेले दूध बाटलीतून घेत होता. सकाळचे 200 धरून दिवसाला 800 मिलिलिटर दूध होत होते. या वयात दिवसाला साधारण 400 ते 500 मिलिलिटर पुरते आणि 700 च्या वर जाऊ देऊ नये. संध्याकाळी पाचला बशीतला चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट ठरलेला होता. दुपारची झोप सहापर्यंत चालायची, त्यामुळे साडेदहापर्यंत डोळा लागत नसे.

पहिल्या आठवड्यात दूध तसेच ठेवले. फक्त चहा बंद केला आणि दुपारच्या झोपेतून साडेतीनला उठवायला सुरुवात केली. एवढ्यानेच झोपेची वेळ जवळजवळ तासभर अलीकडे आली. दुसऱ्या आठवड्यात भुकटीचे दोन चमचे दर तीन दिवसांनी अर्ध्या-अर्ध्या चमच्याने कमी करत गेलो, म्हणजे चव एकदम बदलली नाही. सव्वासातला भात आणि सव्वाआठला कपातून 150 मिलिलिटर दूध सुरू केले. मग रात्रीच्या दोन बाटल्यांतले दूध दर दोन रात्रींनी 30 मिलिलिटरने घटवले आणि शेवटी तेथे वाटीतून पाणी ठेवले. तिसऱ्या रात्री तो पाऊण तास रडला. पुढे सर्दीने चार दिवस गेले. त्या दिवसांत कमी करणे थांबवले, पण गोड दुधाकडे परत गेलो नाही. सर्वांत अवघड होते ते आजोबांना पटवणे. सुनेचे त्यांनी ऐकले नाही. अखेर त्यांच्या मुलाने ‘बाबा, त्याला बशीत गार केलेले पाणी द्या, त्याला तुमच्या बशीचीच हौस आहे,’ असे सांगितले आणि ते खरे निघाले.

पाचव्या आठवड्याला रात्रीचे दूध पूर्ण सुटले आणि सकाळी तो अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागला. झोप मात्र अजून चाळवलेलीच होती. पाय झाडत असे आणि दिवसा भिंतीची माती चाटत असे. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात लोह अगदी कमी असते, आणि दुधाने पोट भरल्यामुळे लोह देणारे अन्न पोटात जात नाही, म्हणून अशा मुलाच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्याचे हिमोग्लोबिन 9.6 भरले. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले. ते दुधासोबत दिल्यास कमी शोषले जातात, म्हणून घरच्यांनी दुपारच्या जेवणानंतर लिंबाच्या दोन थेंबांच्या पाण्यातून ते द्यायचे ठरवले. माती चाटणारे, फिकट दिसणारे, झोपेत मोठ्याने घोरणारे किंवा रात्री गुदद्वाराशी खाजवून उठणारे मूल असेल, तर दुधाच्या आणि खाऊच्या वेळा बदलून पाहण्यात आठवडे घालवू नयेत. लोहाची कमतरता, नाकामागच्या वाढलेल्या ॲडेनॉइड ग्रंथी किंवा जंत यांपैकी काय आहे ते आधी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.