एक वाक्य, तीन वाटा: भूजलाची स्क्रिप्ट चित्रात कशी आणायची?

दीड मिनिटाच्या ॲनिमेशनसाठी हातात आलेल्या स्क्रिप्टमधलं हे वाक्य: "भूजलाच्या अनियंत्रित उपशामुळे जलधराचं संतुलन बिघडतं आणि शाश्वत जलव्यवस्थापनाची निकड निर्माण होते." अहवालात ते सहज खपून जाईल. पण स्टोरीबोर्ड काढणाऱ्याने पेन्सिल उचलली की तो विचारणारच: संतुलन काढू कसं? निकड कोणाला आहे, आणि ती व्यक्ती उभी कुठे आहे?

अशा वेळी तीन वाटा असतात. वाक्य तसंच ठेवून त्यावर चिन्हं चिकटवायची, उपमा शोधायची, किंवा प्रसंग लिहायचा. मी तिन्ही केल्या आहेत, आणि तुम्हाला यातली एक निवडायची असेल तर त्या शेजारीशेजारी ठेवून पाहणं बरं.

पहिली वाट सगळ्यात स्वस्त. महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर निळा थेंब, खाली जाणारा लाल बाण, शेवटी थेंबाचा रडवा चेहरा. तयार चिन्हं हलवायची असतात, त्यामुळे काम एक-दोन दिवसांत उरकतं. भाषा बदलायची झाली तर नुसता आवाज बदलला की झालं. अडचण एवढीच की आवाज बंद केला तर हाच बाण दुधाच्या भावाच्या फिल्ममध्येही चालेल. बघणाऱ्याने अर्थ फक्त कानाने घेतला. चित्र शोभेला होतं. आणि 'जलधर', म्हणजे पाणी धरून ठेवणारा जमिनीखालचा थर, हा शब्द कानाला नवा असेल तर तेवढाही अर्थ पोचला नाही.

दुसरी वाट मोहाची. एक ग्लास, त्यात दोन स्ट्रॉ, एक लांब आणि एक आखूड. दोन मुलं सरबत पितात, आखूड स्ट्रॉवाल्याला आधी फुरफुर ऐकू येते. काढायला सोपं, हसू येतं, आणि ग्राहक पहिल्या बैठकीतच हो म्हणतो. पण ग्लास काय शिकवतो ते बघा. जमिनीखाली एक मोठं तळं आहे आणि सगळे त्यात नळी घालून बसलेत, असा समज तो पक्का करतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. इथं पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका बोअरला दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीत नुसती धूळ उडते. ग्लासाच्या चित्रात ही गोष्ट बसतच नाही. ते बघितलेला माणूस 'अजून खोल गेलं की पाणी लागणारच' असं म्हणत बोअरची गाडी बोलावेल, म्हणजे फिल्मने नेमकं उलटं काम केलं.

तिसरी वाट, प्रसंग. माझा पहिला खर्डा असा होता:

दृश्य १. आड. एक बाई पोहरा सोडते. दोराला हातहात अंतरावर रंगीत चिंध्या बांधलेल्या आहेत. तिसरी चिंधी काठाशी आली की पोहरा पाण्याला टेकतो. मागे हिरवा हरभरा.
दृश्य २. शेजारच्या शेतात बोअरची गाडी. जमिनीचा उभा छेद: वर ओला मुरूम, खाली काळा पाषाण, त्यात भेगा.
दृश्य ३. तोच आड, तीच चौकट. आता सातवी चिंधी काठाशी येते. हरभरा कापलेला.

'पातळी खालावते' हे दोन शब्द इथं चिंध्यांनी दाखवलेत. मोजता येतात, आवाजाची गरज नाही. मी खूश होतो. भूजलाचं काम करणाऱ्या एका बाईंनी स्टोरीबोर्डवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "अहो, दिवाळीपासून होळीपर्यंत पाणी उतरतंच की. बोअर नसती तरी उतरलं असतं."

बरोबर होतं. मूळ वाक्यात ही चूक कधीच सापडली नसती, कारण त्यात काळ नव्हता, शेत नव्हतं, काहीच नव्हतं. चित्रात मागचा हिरवा हरभरा कापलेला दिसला आणि चोर पकडला गेला. मग दोन्ही दृश्यं होळीचीच केली: मागे दोन्हीकडे रचलेली होळी, पहिल्या वर्षी चौथी चिंधी, पुढच्या वर्षी सातवी. मध्ये निवेदकाचं एकच वाक्य: "पाऊस दोन्ही वर्षी तेवढाच झाला होता."

दुसरा प्रश्न चित्रकाराचा. "उभ्या छेदात ही भेग आडापर्यंत नेऊ की नको?" तोवर मी तसा विचारच केला नव्हता. बोअर खालच्या भेगेतलं पाणी ओढते. वरच्या मुरमातलं पाणी तिच्याकडे उतरायला दोघांना जोडणारी वाट हवी. ती असेल तिथे आड आटतो, नसेल तिथे नाही. म्हणून छेदात दोन आड काढले. एकाखाली भेग पोचते, दुसऱ्याखाली नाही. मोटर सुरू झाल्यावर पहिल्याचंच पाणी उतरतं. फिल्म सात सेकंदांनी वाढली, पण 'आमच्या विहिरीला तर काहीच झालं नाही' म्हणणाऱ्याला उत्तर चित्रातच मिळालं.

या वाटेचा खर्च लपवण्यात अर्थ नाही. आड, शेत, छेद, बाई, गाडी हे सगळं नव्याने काढावं लागतं. 'अनेक शेतकरी' असं लिहिलंत तर ॲनिमेटर हात जोडेल. पंचवीस फ्रेमच्या सेकंदाला दोन फ्रेममागे एक चित्र धरलं तरी एका माणसाच्या चार सेकंदांच्या चालीला पन्नासच्या आसपास चित्रं होतात. सांधे जोडलेली बाहुली वापरली तर काम हलकं होतं, पण गर्दी ती गर्दीच. एकच बाई ठेवा आणि शेवटी वरून गाव दाखवा, प्रत्येक आड एक ठिपका.

उलट बाजूने निवेदन आटतं. मी मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आत राहतो. मूळ स्क्रिप्टमध्ये दीड मिनिटाला दोनशे चाळीस शब्द कोंबले होते; प्रसंग लिहिल्यावर नव्वद उरले. चिंधी दिसत असताना "पाणी खाली गेलं" असं निवेदकाने पुन्हा सांगायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्मे शब्द गळतात.

मग सगळंच प्रसंगात लिहायचं का? नाही. याच फिल्ममध्ये कायद्याचा एक मुद्दा होता: २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातली खोल विहिरीची मर्यादा, ६० मीटर. त्यासाठी सरपंच, कागद, खुर्ची असा प्रसंग रचणं म्हणजे फुकटचा खटाटोप. तिथे पहिली वाट घेतली: उभ्या छेदावर एक रेघ आणि आकडा. फक्त मीटरशेजारी "जवळजवळ २०० फूट" लिहिलं, कारण बोअरवाला भाव फुटावर सांगतो.

तेव्हा माझा हिशोब असा. बघणाऱ्याने नुसता एक आकडा किंवा नियम लक्षात ठेवायचा असेल तर चिन्हं पुरतात. कशामुळे काय होतं ते कळायला हवं असेल तर प्रसंग घ्या, आणि पैसे कमी असतील तर फिल्म साठ सेकंदांची करा, पण प्रसंग सोडू नका. उपमा मी क्वचित घेतो, आणि घेण्याआधी एक करतो: विषयाच्या जाणकाराला फक्त चित्र दाखवून विचारतो, "यावरून कोणी चुकीचं काय समजेल?" ग्लासाच्या चित्रावर त्या बाईंनी उत्तर द्यायला पाच सेकंदही घेतले नाहीत.