प्रॉडक्ट पेजचं शीर्षक आणि सारांश: आपोआप, शब्दांची रास की साधं वाक्य?

स्वतःच्या वेबसाइटवर माल विकताना प्रत्येक प्रॉडक्ट पेजला दोन गोष्टी लागतात: सर्चच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसणारं शीर्षक आणि त्याखालचा दोन ओळींचा सारांश. हे लिहायचे तीन मार्ग दिसतात. एका कॅनव्हासच्या लॅपटॉप बॅगेवर तिन्ही लावून पाहू. दुकानात या बॅगेचं नाव ‘सफर क्लासिक 2’ आहे असं धरू.

पहिला मार्ग म्हणजे दुकानाच्या सॉफ्टवेअरवर सोडून देणं. ते बहुधा प्रॉडक्टचं नाव आणि दुकानाचं नाव जोडून ‘सफर क्लासिक 2 | दुकानाचं नाव’ असं शीर्षक करतं. यात कष्ट नाहीत, पण बॅग हा शब्दच कुठे नाही. ज्याला हे नाव आधीपासून ठाऊक आहे त्यालाच ते कळेल, आणि नव्या विक्रेत्याकडे असं गिऱ्हाईक फारसं नसतं.

दुसरा मार्ग शब्दांची रास: ‘लॅपटॉप बॅग, कॅनव्हास बॅग, ऑफिस बॅग, बेस्ट बॅग’. वाचणाऱ्याला यातून एवढंच कळतं, की ही कॅनव्हासची लॅपटॉप बॅग आहे. एकच शब्द पुन्हापुन्हा भरलेलं शीर्षक गूगल स्वतः बदलूही शकतं. मग तुम्ही लिहिलेलं दिसतच नाही.

तिसरा मार्ग, आणि आमची निवड हीच, म्हणजे वस्तू काय आहे आणि कोणाला बसेल हे सरळ सांगणं:

```html
<title>15.6 इंची लॅपटॉपसाठी कॅनव्हासची खांद्याची बॅग | दुकानाचं नाव</title>
<meta name="description" content="आतलं माप 38 × 27 सेमी. फोमचं अस्तर, चार्जरसाठी वेगळा कप्पा, काढता येणारा पट्टा. हलका पाऊस चालेल, पण बॅग वॉटरप्रूफ नाही.">
```

शीर्षकात माप आधी आणि दुकानाचं नाव शेवटी आहे, कारण स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढंच शीर्षक दिसतं, उरलेलं तुटतं. अक्षरं मोजून नेमकी मर्यादा ठरवता येत नाही. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रांमुळे तर नाहीच. तुटलं तरी चालेल ते शेवटी ठेवा. मॉडेलचं नाव पेजवरच्या माहितीत राहू द्या.

सारांशात आतलं माप दिलं आहे, कारण 15.6 इंच ही स्क्रीनची तिरकी लांबी असते. लॅपटॉपची खरी लांबी-रुंदी मॉडेलप्रमाणे बदलते. ‘वॉटरप्रूफ नाही’ वाचून काही जण क्लिक करणार नाहीत. तेच लोक पुढे बॅग परत पाठवणारे असतात, म्हणून हे वाक्य ठेवाच. किंमत मात्र सारांशात नको. ती बदलली तरी गूगल पेज पुन्हा वाचेपर्यंत जुनाच आकडा दिसू शकतो.

इथे एक बारीक चूक फार होते. इंचासाठी आकड्यापुढे `"` हे चिन्ह टाकलं, तर कोडमध्ये `content` तिथेच संपतं आणि पुढचा मजकूर गळून पडतो. काही सॉफ्टवेअर हे चिन्ह आपोआप सांभाळतात, काही नाही. ‘इंच’ असं अक्षरांत लिहिलं की प्रश्नच मिटतो.

सारांश लिहिलाच नाही तर? क्रमांकात त्याने फरक पडत नाही; गूगल हा मजकूर क्रम लावण्यासाठी वापरत नाही. पण मग सारांशासाठी पेजवरचा मजकूर उचलला जातो. मापं आणि कापडाची माहिती फोटोवर छापली असेल आणि पेजवर अक्षरांत फक्त परतीचे नियम असतील, तर बॅगेखाली परतीचे नियम दिसू शकतात. तुम्ही सारांश लिहिला तरी गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला पेजवरचं दुसरं वाक्य जास्त जुळलं, तर गूगल तेच दाखवेल. म्हणून सारांशातली माहिती पेजवरही साध्या अक्षरांत हवी, आणि पेजवरचं मोठं शीर्षक वरच्या शीर्षकाशी जुळतं हवं.

वीस-पंचवीस वस्तू असतील तर सगळं हाताने लिहा. शेकडो असतील तर जास्त खपणाऱ्या वस्तूंचं हाताने लिहा आणि बाकीच्यांसाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘माप + कापड + वस्तू | दुकानाचं नाव’ असा साचा बसवा. एखाद्या वस्तूची ही माहितीच भरलेली नसेल तर ‘| दुकानाचं नाव’ एवढंच शीर्षक उरतं. ते शोधून भरा. 14 आणि 15.6 इंची बॅगांची पेजं वेगळी असतील तर दोन्ही शीर्षकांत माप हवंच, नाहीतर निकालात दोन्ही सारखीच दिसतील.

बदल केल्यावर ब्राउझरमध्ये पेजचा सोर्स उघडून `<title>` आणि `description` तपासा. काही दिवसांनी गूगलमध्ये `site:` आणि त्याला चिकटून तुमचा पत्ता, मग एक जागा सोडून ‘लॅपटॉप बॅग’ असं टाइप करा. जुनंच शीर्षक दिसत असेल तर सर्च कन्सोल या वेबसाइटच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात त्या पेजचा पत्ता टाकून गूगलने ते शेवटचं कधी वाचलं ते पाहा. ती तारीख बदलाच्या आधीची असेल, तर मजकुराला हात न लावता तिथूनच पेज पुन्हा वाचण्याची विनंती करा.