अप्रेझलआधी मॅनेजरला विचारायचे तीन प्रश्न, शेजारीशेजारी ठेवून

एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या आयटी सर्व्हिसेस कंपन्यांत फेब्रुवारीच्या आसपास सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म उघडतो, आणि टीममधल्या निम्म्या लोकांना अचानक मॅनेजरशी बोलायची आठवण होते. रेटिंग ठरायच्या आधी त्याचं खरं मत काढून घ्यावं, हे सगळ्यांना पटलेलं असतं. घोडं अडतं ते प्रश्न कसा विचारायचा तिथे. सहसा दिसणारे तीन प्रकार इथे एकाच प्रसंगावर लावून पाहू. त्याआधी मॅनेजरचं मत पुढे कुठे वापरलं जातं ते बघायला हवं, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे.

मॅनेजर तुमचं रेटिंग पोर्टलवर भरतो, पण बऱ्याच कंपन्यांत ते तिथे पक्कं होत नाही. नंतर नॉर्मलायझेशनची बैठक होते. एका अकाउंटचे सगळे मॅनेजर, त्यांच्यावरचा डिलिव्हरी हेड आणि एचआरचं कोणीतरी एकत्र बसतात. वरची रेटिंग किती जणांना द्यायची याचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं, म्हणजे आपली नेहमीची बेल कर्व्ह. मधल्या रेटिंगमधली बहुतेक नावं चर्चेविनाच पुढे सरकतात. खल होतो तो सीमेवरच्या नावांवर, आणि त्या प्रत्येक नावासाठी मॅनेजरला फार वेळ मिळत नाही. तो तुमच्याबद्दल दोन-तीन वाक्यं बोलतो, समोरून एखादा आक्षेप येतो, आणि त्याच्याकडे उत्तर नसेल तर नाव एक पायरी खाली येतं. ती दोन वाक्यं कोणती असतील आणि तो आक्षेप कोणता असेल, हे तुम्हाला आधी कळायला हवं. तिन्ही प्रश्नांना मी याच कसोटीवर तोलतो.

आता प्रसंग. समजा, एक सीनियर टेस्ट इंजिनिअर आहे आणि पुण्यातून एका परदेशी बँकेच्या पेमेंट मॉड्यूलचं टेस्टिंग सांभाळते. ऑक्टोबरच्या रिलीजमध्ये रिग्रेशन टेस्टिंग दोन दिवस लांबलं. टेस्ट एन्व्हायर्नमेंट बंद पडलं होतं, त्यात तिची काहीच चूक नव्हती. रिलीज शेवटी व्यवस्थित गेलं. तिच्या लेखी विषय तिथेच संपला.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा: “सर, माझ्यासाठी काही फीडबॅक आहे का?” विचारायला सोपा, कोणालाही न दुखावणारा. उत्तरही तितकंच सोपं येतं: “छान चाललंय, असंच चालू ठेव.” मॅनेजर खोटं बोलतोय असं नाही. टीममध्ये पंधरा-वीस माणसं असतात, आणि अचानक विचारल्यावर अख्ख्या वर्षातून नेमकं काही आठवायचं तर कष्ट पडतात. शिवाय समोरच्याला खरंच ऐकायचं आहे की नुसता धीर हवा आहे, हे त्याला या प्रश्नावरून कळत नाही, म्हणून तो धीर देतो. फार तर सोबत एक सल्ला मिळतो: व्हिजिबिलिटी वाढव, ओनरशिप घे, थोडी प्रोअ‍ॅक्टिव्ह हो. हे शब्द म्हणजे बंद पाकिटं. आत काहीतरी असतं, पण फोडल्याशिवाय उपयोग नाही. फोडायचं तर लगेच विचारावं: “गेल्या तीन महिन्यांतल्या कुठल्या कामात ते कमी दिसलं?” एवढं लक्षात ठेवणार असाल तर मोघम प्रश्नही वाया जात नाही. नाहीतर जातो.

दुसरा प्रश्न नेमका, पण बंद: “ऑक्टोबरच्या रिलीजमध्ये रिग्रेशन लांबलं, त्यात माझं काही चुकलं असं तुम्हाला वाटतं का?” पहिल्यापेक्षा बराच बरा, कारण मॅनेजरला एक ठरावीक घटना आठवते. अडचण अशी की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त संपतं, आणि समोरासमोर बसलेला माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. “छे, एन्व्हायर्नमेंट डाउन होतं, तू काय करणार?” तिलाही हेच ऐकायचं असतं. त्यात ‘चुकलं’ हा शब्द आला की संभाषण दोष कोणाचा यावर जातं, आणि दोष तिचा नव्हताच. दोघंही समाधानाने उठतात आणि कामाची गोष्ट टेबलावर तशीच राहते.

तिसरा नेमका आणि खुला: “ऑक्टोबरच्या रिलीजमध्ये रिग्रेशन दोन दिवस लांबलं. त्या आठवड्यात मी काय वेगळं केलं असतं तर तुमचं काम सोपं झालं असतं?” घटना तीच. पण उत्तराला ‘हो-नाही’ चालत नाही, आणि दोषाचा विषयच निघत नाही. मॅनेजर जरा थांबतो. मग म्हणतो, “उशिराचं काही नाही गं. पण दोन दिवस जाणार हे मला क्लायंटच्या कॉलमध्ये कळलं. त्यांच्यासमोर मी कोरा होतो.”

हाच तो बैठकीतला आक्षेप. वर्षभर तिच्या कामाबद्दल त्याच्या मनात राहिलेली गोष्ट टेस्टिंगची नव्हतीच. वाईट बातमी त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते, ही होती. पहिल्या दोन प्रश्नांनी ती बाहेर आली नसती.

यामागे थोडं संशोधनही आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या काही संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं की ‘फीडबॅक द्या’ म्हटल्यावर लोक मोघम आणि गोड बोलतात, आणि ‘सल्ला द्या’ म्हटल्यावर जास्त उणिवा व वापरता येतील अशा सूचना देतात. फीडबॅक म्हटलं की मन मागे वळून मूल्यमापन करू लागतं, सल्ला म्हटलं की पुढचं बघतं. तिसऱ्या प्रश्नात ‘काय वेगळं केलं असतं तर’ हेच काम करतं.

त्याची किंमतही आहे, ती सांगायलाच हवी. तिसऱ्या प्रश्नाला तयारी लागते. वर्षातले तीन-चार प्रसंग निवडावे लागतात, आणि त्यातला निदान एक असा हवा की जिथे काहीतरी खटकलं असण्याची शक्यता आहे. सगळे विजयाचेच प्रसंग नेले तर मॅनेजरला वाटतं, ही कौतुक गोळा करायला आली आहे. दुसरं म्हणजे उत्तर आल्यावर गप्प बसावं लागतं. “पण सर, मी ग्रुपवर मेसेज टाकला होता...” हे वाक्य तोंडातून निघालं की दुसरा मुद्दा तो सांगतच नाही. मेसेज खरंच टाकला असेल, तरी त्या क्षणी ते सिद्ध करून काही मिळत नाही. त्याऐवजी एवढंच विचारावं: “असं आणखी कधी झालंय का?” नमुना एकदाचा की नेहमीचा, हे या उत्तरावरून समजतं.

काही जण थेट चौथाच प्रश्न टाकतात: “मला यंदा काय रेटिंग मिळेल?” माझ्या मते हा टाळावा. बैठक व्हायच्या आधी प्रामाणिक मॅनेजर त्याला उत्तर देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याचा शब्द बेल कर्व्हसमोर टिकेलच असं नाही. त्याचाच कामाचा अवतार असा: “आज बैठक असती तर माझ्याबद्दल तुम्ही काय सांगितलं असतं, आणि समोरून काय विचारलं गेलं असतं?” वर्षभर एकत्र काम केलेल्या, मोकळ्या मॅनेजरला हा प्रश्न विचाराच. तीन महिन्यांपूर्वी आलेल्याला मात्र तो कोंडीत पकडल्यासारखा वाटतो. तिथे प्रसंगांवरच राहावं.

लेखी की तोंडी, याचा निर्णय तुलनेने सोपा आहे. लेखी उत्तर जपून दिलं जातं. ते एचआरपुढे जाऊ शकतं हे मॅनेजरला ठाऊक असतं, त्यामुळे टीमच्या चॅटवर विचारलेल्या प्रश्नाला अंगठ्याचा इमोजी आला तर नवल नाही. तोंडी उत्तर खरं असतं, पण एप्रिलपर्यंत दोघांनाही ते वेगवेगळं आठवतं. म्हणून प्रश्न आधी लेखी पाठवावा, उत्तर वन-ऑन-वनमध्ये तोंडी घ्यावं आणि सारांश आपण लिहावा. दोन दिवस आधीचा मेसेज एवढाच पुरतो: “गुरुवारच्या वन-ऑन-वनमध्ये ऑक्टोबर रिलीज आणि डिसेंबरचं ऑटोमेशनचं काम यावर बोलायचं आहे. या दोन्हींत मी काय वेगळं करायला हवं होतं, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.” विचार करायला वेळ मिळाल्यामुळे त्याला प्रसंग आठवतात. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल: काय समजलं, काय बदलणार, पुन्हा कधी विचारणार. आभाराचे परिच्छेद नकोत.

वेळेच्या बाबतीत जानेवारी आणि मार्च यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्चमध्ये फॉर्म भरल्यावर विचारलं तर उत्तर म्हणजे निकालाचं स्पष्टीकरण. त्यात बदल करायला ना तुमच्याकडे वेळ, ना त्याच्याकडे. जानेवारीच्या मध्यावर विचारलं तर सहा-आठ आठवडे हाताशी असतात. एवढ्यात स्वभाव बदलत नाही, पण एक सवय दिसण्याइतकी बदलते. आपल्या टेस्ट इंजिनिअरने ठरवलं की काम अर्ध्या दिवसाहून जास्त लांबणार असं दिसलं, की कारण शोधून होण्याआधीच मॅनेजरला एक ओळ कळवायची. फेब्रुवारीच्या रिलीजमध्ये तशी वेळ एकदा आली, आणि क्लायंटच्या कॉलच्या आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे मेसेज होता. सेल्फ-अप्रेझलमध्ये तिने ‘कम्युनिकेशन सुधारलं’ असं लिहिलं नाही. तारीख आणि प्रसंग लिहिला. आता आक्षेप आलाच तर मॅनेजरकडे उत्तर आहे. रेटिंग मिळेलच असं मी म्हणत नाही. वरच्या जागा भरलेल्या असल्या की चांगलं उत्तरही कधीकधी कमी पडतं.

दोन परिस्थितींत मात्र हे गणित बदलतं. तुमच्यावर परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन चालू असेल किंवा मॅनेजरचा शब्द फिरतो असा अनुभव असेल, तर मोकळेपणाच्या मागे लागू नका. प्रश्न लेखी, उत्तरही लेखी मागा, ते गुळमुळीत आलं तरी चालेल. दुसरी परिस्थिती जास्त वेळा येते: मॅनेजर स्वतःच नोटिस पीरियडवर असतो किंवा दुसऱ्या अकाउंटला जाणार असतो. जाणारा माणूस बहुधा सगळ्यात खरं बोलतो, कारण त्याला काही सांभाळायचं नसतं. पण बैठकीत बसणार नवा मॅनेजर, आणि त्याच्याकडे तुमच्याबद्दल असणार फक्त कागद. म्हणून जुना मॅनेजर जायच्या आत वन-ऑन-वन घ्या, चार ओळींचा मेल पाठवा आणि त्याला त्यावर “बरोबर आहे” एवढं तरी उत्तर द्यायला सांगा. पोर्टलवर त्याचं मत नोंदवायची सोय असेल तर तेही त्याच आठवड्यात करून घ्या. शेवटच्या दिवशी त्याचं लॉगिन बंद होतं.