मोठ्या ग्रुपवर कुणी नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं, तर उत्तर द्यायचं कसं?

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गावकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, शेतकऱ्यांचे मोठमोठे व्हॉट्सॲप ग्रुप झालेत. 2022 पासून एका ग्रुपमध्ये 1024 माणसं बसतात, त्यामुळे सहाशे-सातशे सदस्य असणं काही नवलाचं राहिलेलं नाही. अशा ग्रुपवर नवीन माणूस येतो, ‘नमस्कार’ एवढंच लिहितो आणि थांबतो. त्याला काय हवंय हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी पाच मिनिटांत ट्रॅक्टर भाड्याने, विम्याची पॉलिसी, शहापूरच्या साड्या, टिळकवाडीतला फ्लॅट, लग्नाचं केटरिंग अशी रांग लागते. ज्यांचा धंदा आहे किंवा जे ॲडमिन आहेत, त्यांच्यासमोर मग एकच प्रश्न असतो: आपण काय करायचं? माझ्या मते पर्याय चार आहेत, आणि त्यांची तुलना एका प्रसंगावरून केली की नीट कळते.

समजा सहाशे जणांचा ग्रुप आहे. रात्री नऊच्या सुमारास नंदगडकडच्या एक अक्का लिहितात, ‘नमस्कार’. त्यांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर दुपारी जळलीय, ऊस वाळतोय, आणि वायंडिंग करणारा जवळपास कोण आहे हे त्यांना विचारायचंय. टायपिंगची सवय नाही, म्हणून आधी नमस्कार टाकून पुढचं वाक्य जुळवत बसल्यात.

पहिला पर्याय म्हणजे आपण काय काय करतो ते लगेच टाकणं. करणाऱ्याला वाटतं, समोरून गिऱ्हाईक चालून आलंय, आपण मागे कशाला राहायचं. पण पंधरा जणांनी तसं केलं की सहाशे मोबाईलवर मिळून नऊ हजार मेसेज पोचतात, आणि त्यातला एकही मोटरबद्दल नसतो. अक्कांचं वाक्य लिहून होईस्तोवर त्यांचा नमस्कार दोन-तीन स्क्रीन वर गेलेला असतो. मग त्यांनी मोटरचं लिहिलं तरी ते फ्लॅटच्या फोटोंच्या मध्ये पडतं, आणि ज्याचं वायंडिंगचं दुकान आहे त्याने तोवर ग्रुप म्यूट केलेला असतो. म्हणजे या पर्यायात नुकसान दोन्हीकडून होतं: विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि ज्याचं खरंच काम होतं त्याचं गिऱ्हाईक जातं. मी हा पर्याय कुणालाच सुचवणार नाही.

दुसरा पर्याय, मेसेजवर बोट दाबून धरून हात जोडलेली रिॲक्शन देणं. याची नोटिफिकेशन फक्त ज्याने मेसेज लिहिला त्याला जाते, बाकीच्यांचा फोन वाजत नाही. रोज सकाळी सुप्रभात टाकणाऱ्या जुन्या सदस्यांसाठी हे अगदी पुरेसं आहे. पण नवीन माणसाला यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. हात जोडले म्हणजे ऐकताहेत की नुसता मान ठेवलाय, हे अक्कांनी कसं ओळखायचं? कुणीच शब्दाने बोलत नाही म्हणून त्या लिहिता लिहिता थांबायचीही शक्यता असते.

तिसरा पर्याय खाजगीत मेसेज करण्याचा. अँड्रॉइडवर ग्रुपमधला मेसेज निवडला की मेनूत ‘Reply privately’ दिसतं, आणि मूळ नमस्कारासकट वेगळं चॅट उघडतं. ग्रुपला याचा काडीचा त्रास नाही. अडचण समोरच्याची आहे. अनोळखी नंबरवरून मेसेज आला की तिला ब्लॉक आणि रिपोर्टची बटणं दिसतात, आणि रात्री नऊला चार परक्या पुरुषांनी खाजगीत ‘बोला’ म्हटलं तर बाईमाणूस बिचकणारच. अशा तक्रारी साचल्या तर तुमचा नंबरही बंद होऊ शकतो. शिवाय खाजगीत काय बोलणं झालं ते ग्रुपला दिसत नाही, त्यामुळे दहा जण एकाच वेळी तेच विचारत बसतात. हा पर्याय ओळखीच्या माणसासाठी ठेवावा, किंवा काम काय आहे ते ग्रुपवर स्पष्ट झाल्यावर किंमत आणि पत्ता कळवण्यासाठी.

चौथा पर्याय मला सर्वांत बरा वाटतो: त्याच मेसेजला जोडून एकाच माणसाने एक ओळ लिहायची आणि तिच्यात एकच प्रश्न विचारायचा. उदाहरणार्थ, ‘नमस्कार अक्का, बोला की, काय काम होतं? गाव कुठलं तेही सांगा.’ इथे रिप्लाय म्हणून लिहिणं महत्त्वाचं आहे. नुसतं खाली लिहिलं तर कुणाला विचारलंय ते कळत नाही. गाव विचारायचं कारण असं की आपल्याकडे काम कोण करू शकतो हे अंतरावर ठरतं. नंदगडची मोटर अथणीचा माणूस उचलून नेणार नाही. नाव बघून बाई की बाप्या ठरत नसेल तर अक्का-दादा गाळावं, नुसता नमस्कार चालतो. कन्नड लिपीत लिहिलं असेल आणि तुम्हाला येत असेल तर उत्तरही कन्नडमध्ये द्यावं, म्हणजे माणूस मोकळेपणाने बोलतो.

या ओळीनंतर बाकीच्यांनी गप्प राहायचं, खरं अवघड काम तेच आहे. ज्यांना मान ठेवायचाय त्यांनी अक्कांच्या नमस्कारावर रिॲक्शन द्यावी. अक्का मोटरचं लिहितात, मग वायंडिंग करणाऱ्यांपैकी एक-दोघं ‘मी करतो, नंदगडला सकाळी येऊ शकतो’ एवढं सांगतात आणि दर खाजगीत कळवतात. ग्रुपवर एकूण पाच-सहा मेसेज होतात, आणि फ्लॅटवाल्याचंही काही बिघडत नाही.

या पर्यायाची मर्यादाही आहे. पहिली ओळ कोण लिहिणार हे ठरलेलं नसेल तर चार जण एकाच वेळी तोच प्रश्न विचारतात. म्हणून ॲडमिनने दोघा-तिघांना सांगून ठेवावं, आणि कुणी आधीच विचारलेलं दिसलं तर आपलं टाईप केलेलं पुसून टाकावं. जाहिरातीची गरज खरी आहे, तिला जागा हवी. ग्रुपच्या माहितीत कोण काय करतं याची यादी ठेवता येते, किंवा तीच यादी मेसेज करून 30 दिवसांपर्यंत पिन करता येते. मग नवीन माणसाला ‘वर पिन केलेली यादी बघा’ एवढं सांगितलं तरी चालतं, पण त्याचा प्रश्न ऐकून घेतल्यावरच.

रांग आधीच लागली असेल तर ॲडमिनने जाहिरातीचे मेसेज सर्वांसाठी डिलीट करावेत आणि मग तो एक प्रश्न विचारावा. उशीर झालाय का, हे कळायला दोन खुणा आहेत. नमस्कारानंतर त्या माणसाचा दुसरा मेसेज आलेला नसतो. आणि ग्रुप इन्फोच्या खाली गेल्या 60 दिवसांत सोडून गेलेल्यांची नावं दिसतात, त्यात त्याचं नाव असतं. ग्रुप सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे ती यादी न बघणाऱ्या बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. नाव तिथे असेल तर ॲडमिननेच एकदा खाजगीत विचारावं: ‘अक्का, नमस्कार टाकला होता, काही काम राहिलंय का?’