खुर्चीचा पाय फरशीला टेकेना: जवळचा कॅस्केड घ्यावा की काँटॅक्ट शॅडो?

संगणकावर रचलेलं त्रिमितीय दृश्य साधंच होतं. फरशी घातलेली मोकळी गच्ची, चार खुर्च्या, एक बुटकं टेबल आणि टेबलाशेजारी फरशीवर पडलेली एक किल्ली. सूर्य वर असताना सगळं ठीक दिसायचं. तोच सूर्य मावळतीकडे झुकवला की खुर्च्या फरशीपासून अलगद उचलल्यासारख्या वाटायच्या. किल्लीला तर सावली कधी नव्हतीच. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याकडेही अशीच एखादी तरंगती खुर्ची असणार.

अशा वेळी समोर दोन रस्ते असतात. एक, कॅमेऱ्याजवळच्या भागासाठी वेगळा, बारीक टेक्सेलचा शॅडो कॅस्केड लावायचा. दोन, शॅडो मॅप, म्हणजे प्रकाशाच्या बाजूने नोंदलेल्या खोल्यांचा नकाशा, आहे तसा ठेवून वर स्क्रीन-स्पेस काँटॅक्ट शॅडो चढवायच्या. मी दोन्ही करून पाहिले. (तिसरा रस्ता एसएसएओचा, तो मी सोडून दिला. त्याला प्रकाशाची दिशाच कळत नाही. खुर्चीच्या पायाभोवती चारी बाजूंनी सारखा मळकटपणा येतो आणि उन्हात तो सावली वाटत नाही, डाग वाटतो.)

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. माझा मॅप २०४८ चा, ४० मीटर भागावर पसरलेला. म्हणजे एक टेक्सेल जवळजवळ २ सेंटीमीटर. त्यावर ३×३ चा पीसीएफ. एका पिक्सेलसाठी मॅपवर बाजूला साधारण दीड टेक्सेलपर्यंत, म्हणजे ३ सेंटीमीटरपर्यंत चाचपणी होते. फरशी प्रकाशाला तिरकी असल्यामुळे बाजूला ३ सेंटीमीटर सरकलं की खोलीही बदलते, आणि किती ते सूर्याच्या उंचीवर ठरतं. दुपारी उशिरा सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर हा फरक ३ गुणिले tan ६०°, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर. फरशीने स्वतःवरच सावलीचे पट्टे पाडू नयेत म्हणून बायस, म्हणजे खोलीच्या तुलनेत सोडलेली सूट, किमान एवढा ठेवावाच लागतो.

आता या ५ सेंटीमीटरची किंमत बघा. फरशीपासून प्रकाशाच्या दिशेने ५ सेंटीमीटरच्या आत जे काही आडवं येतं, ते शॅडो मॅपच्या लेखी नसतंच. ३० अंशांवर याचा अर्थ असा, की अडीच सेंटीमीटरपेक्षा बुटकी कुठलीही वस्तू सावली पाडत नाही. किल्ली ३ मिलिमीटरची, तिचा विषयच संपला. खुर्चीचा पाय ३ सेंटीमीटर जाडीचा. पायाच्या अगदी मागे असलेल्या फरशीच्या बिंदूपासून पायाची उन्हाकडची बाजू साडेतीन सेंटीमीटरवर येते, पाचाच्या आत. म्हणून तो बिंदू उजळ राहतो आणि सावली पायापासून साधारण सव्वा सेंटीमीटर सोडून सुरू होते.

सूर्य १० अंशांवर आणला की तोच बायस १७ सेंटीमीटर होतो आणि पाय व सावली यांच्यातली फट जाते १४ सेंटीमीटरवर. स्लोप-स्केल्ड बायस हे सगळं आपोआप करतो, म्हणून आपल्याला वाटतं की बायसला तर आपण हातच लावला नाही. त्याला कमाल मर्यादा घालून पाहिली, तर संध्याकाळ झाली की फरशी झेब्र्यासारखी होते.

जवळचा कॅस्केड

पहिल्या ८ मीटरसाठी आणखी एक २०४८ चा मॅप दिला की टेक्सेल ४ मिलिमीटरचा होतो. सगळं गणित पाचपटीने सुधारतं. संध्याकाळचा बायस साडेतीन सेंटीमीटरच्या आत येतो आणि पायामागची फट ३ मिलिमीटरच्या आसपास उरते, ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय ही सावली खरी असते. कॅमेरा कुठेही वळवा, वस्तू पडद्याबाहेर असो की दुसऱ्या वस्तूमागे लपलेली, सावली जागची हलत नाही. ३२ बिट खोलीसाठी १६ एमबी जास्त लागतात आणि जवळच्या वस्तू पुन्हा एकदा काढाव्या लागतात. माझ्या दृश्यात वस्तू मोजक्या होत्या, त्यामुळे हा भार मला तरी जाणवला नाही. पानांनी भरलेल्या बागेत जाणवेल, असं वाटतं.

किल्ली मात्र इथेही हुकते. दुपारचा बायस १ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरखालचं सगळं अजूनही गायब. पण किल्लीसाठी मी हा रस्ता सोडला नसता.

सोडला तो त्या आठ मीटरच्या रेषेमुळे. संध्याकाळच्या उन्हात गच्चीवरून चालत गेलं की अलीकडच्या दोन खुर्च्यांच्या सावल्या पायाला चिकटलेल्या आणि पलीकडच्या दोघींच्या १४ सेंटीमीटर दूर. एकेक पाऊल पुढे टाकलं की एकेका पायाची सावली सरकत येऊन त्याला बिलगायची. कॅस्केडच्या सीमेवर मिश्रण केलं, तर सरकणं जाऊन तिथे फट हळूहळू भरत जाताना दिसायला लागली. दहा मीटरवर, १०८० ओळींच्या पडद्यावर आणि ६० अंशांच्या उभ्या दृष्टिकोनात, एक पिक्सेल सुमारे एक सेंटीमीटरचा असतो, म्हणजे ती फट तेरा पिक्सेलची. रेषा बारा मीटरवर नेली, तर टेक्सेल मोठा झाला आणि फट जवळच्या खुर्च्यांनाही दिसू लागली. दोन संध्याकाळी मी ती रेषा पुढेमागे करत बसलो होतो. एकदा डोळ्याला दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही.

काँटॅक्ट शॅडो

इथे प्रत्येक पिक्सेलपासून प्रकाशाच्या दिशेने डेप्थ बफरमध्येच एक छोटा किरण चालवायचा. वाटेत किरण कुठल्या पृष्ठभागामागे गेला तर सावली. गाभा एवढाच:

```hlsl
float3 s = L * (len / N);
float3 p = pos + nrm * offs + s * (jitter - 1.0);
for (int i = 0; i < N; i++) {
    p += s;
    float d = p.z - SceneDepth(ToUV(p));
    if (d > 0 && d < thickness) return 0;
}
return 1;
```

उत्तर शॅडो मॅपच्या उत्तराशी `min` करून वापरायचं. `pos` आणि `L` कॅमेऱ्याच्या अवकाशात, `p.z` कॅमेऱ्यापासून पुढे वाढणारा, आणि `jitter` शून्य ते एकमधला.

बहुतेकजण किरणाची लांबी, `len`, डोळ्यांच्या अंदाजाने ठरवतात. मीही तेच केलं आणि बराच काळ चुकलो. शॅडो मॅप काय गमावतो? प्रकाशाच्या दिशेने बायसच्या आत असलेलं सगळं. हा किरणही नेमका त्याच दिशेने चालतो. मग त्याची लांबी बायसएवढीच हवी, म्हणजे दुपारी ५ आणि संध्याकाळी १७ सेंटीमीटर. त्याहून आखूड केला तर मध्ये उजळ पट्टा राहतो. लांब केला तर मॅपने आधीच दिलेली सावली पुन्हा पाडायला जातो आणि चुकायची जागा वाढवतो. लांबी बायसच्या सूत्रालाच बांधून टाकली, तेव्हापासून सूर्य फिरवताना मला काही जुळवावं लागलेलं नाही. अनरियलमध्ये `Contact Shadow Length` मुळात पडद्याच्या प्रमाणात धरली जाते, तिथे जगाच्या एककांचा पर्याय निवडल्याशिवाय हा हिशेब लागू पडत नाही.

`N` मी सोळा ठेवला. सोळा पावलं पुरतात का, ही शंका मलाही होती. एक मीटरवरून पाहताना १७ सेंटीमीटरचा किरण १६० पिक्सेलपर्यंत पसरू शकतो, म्हणजे एका पावलात दहा पिक्सेल, आणि किल्लीची उंची जेमतेम तीन. पण सूर्य खाली असतो तेव्हा किरणही फरशीला लागून जातो. १० अंशांवर ३ मिलिमीटर उंची गाठायला त्याला १७ मिलिमीटर लागतात आणि पाऊल सुमारे १ सेंटीमीटरचं आहे, तेव्हा एखादा नमुना किल्लीत सापडतोच. पावलांची सुरुवात पिक्सेलागणिक थोडी हलवावी लागते, आणि त्याने येणारी खरखर टीएए, म्हणजे लागोपाठच्या फ्रेम्स मिसळणारं अँटी-एलियसिंग, पुसून टाकतो. टीएए नसेल तर मात्र खरखर दिसेल.

आता हिची खोड. डेप्थ बफरला फक्त पुढचा पृष्ठभाग माहीत असतो, मागे वस्तू किती जाड आहे ते नाही. ते `thickness` ने आपण सांगायचं. सूर्य बाजूला असताना किरण खुर्चीच्या पायाच्या मागच्या कडेजवळून गेला, तर पायाची पुढची बाजू त्याच्यापेक्षा ३ सेंटीमीटर जवळ असते. `thickness` २ ठेवला तर तो किरण निसटतो आणि सावलीत उजेडाची चीर पडते. मी ४ ठेवला. मग भिंतीपासून ३ सेंटीमीटर पुढे बसवलेली एक नळी भिंतीला चिकटलेली ठरली आणि तिच्या कडेने भिंतीवर गडद पट्टी आली. कॅमेरा हलला की पट्टी नळीबरोबर पडद्यावर सरकते, ओळखायची खूण हीच. खरी सावली कॅमेऱ्याबरोबर फिरत नाही. मी नळीपुरती तडजोड मान्य केली. तुमच्या दृश्यात जाळ्या, गज, तारा भरपूर असतील तर ही तडजोड महाग पडू शकते.

पडद्याच्या कडेलाही वस्तू बाहेर गेली की तिची काँटॅक्ट सावली जाते. कडेजवळ ती विरळ करत नेली की खटकत नाही, कारण बाहेर गेलेली सावली असते फक्त त्या फटीपुरती, बाकीची शॅडो मॅपकडे आहेच. काच डेप्थ बफरमध्ये नसते, तेव्हा काचेच्या पेल्याला याचा उपयोग शून्य. ३० मीटरच्या पुढे सगळा किरणच पाच-सहा पिक्सेलचा उरतो, तिथे मी तो बंद करतो.

खर्चाची धास्ती असेल तर बेंड स्टुडिओने २०२३ मध्ये खुला केलेला स्क्रीन-स्पेस सावल्यांचा कोड चाळून पाहा. प्रकाशाच्या एकाच रेषेवरचे पिक्सेल जवळजवळ त्याच खोल्या वाचत असतात, म्हणून तिथे त्या एकदाच वाचून गटातल्या सगळ्यांना वापरू देतात. माझी साधी आवृत्तीही एका सूर्यासाठी कधी आड आली नाही. दिवे अनेक असतील तर गोष्ट वेगळी, प्रत्येक दिव्याला आपला किरण लागतो.

तुमचा कॅमेरा वरून बघणारा, बांधलेला असेल आणि सगळं दृश्य आठ-दहा मीटरमध्ये मावत असेल, तर कॅस्केडच घ्या. ती रेषा तुम्हाला दिसणारच नाही आणि पडद्यावरची भुतंही नकोत. पण कॅमेरा माणसाच्या उंचीवरून चालणारा असेल आणि सूर्य मावळणार असेल, तर मी आहे तो ४० मीटरचा मॅप ठेवून काँटॅक्ट शॅडो लावेन. ठरवण्याआधी एक करून पाहा. सूर्य १० अंशांवर ठेवा, शॅडो मॅप बंद करून नुसती काँटॅक्ट सावली बघा, मग उलट करा. दोन्ही चित्रांत खुर्चीच्या पायामागचा तोच १४ सेंटीमीटरचा तुकडा शोधा. एका चित्रात तो उजळ आणि दुसऱ्यात काळा दिसला, तर `len` बरोबर बसली आहे.