जास्त झालेल्याला काय द्यावं: कडक कॉफी की अंथरूण?

जेवणं आटोपलीत, एकाला जरा जास्तच चढलीय आणि खाली उभी गाडी त्याचीच आहे. अशा वेळी घरच्या माणसापुढे दोन मार्ग असतात. कडक काळी कॉफी पाजून त्याला वाटेला लावायचं, नाहीतर किल्ली काढून घेऊन तिथेच आडवं करायचं. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिलेत.

कॉफी काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, त्याने झोप येते आणि दारू त्या गुंगीत भर घालते. कॅफीन ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. अर्ध्या-पाऊण तासात डोळे उघडतात, माणूस नीट बसून बोलू लागतो. पण रक्तातली दारू होती तेवढीच असते. ती मुख्यतः यकृतात मोडते, आणि यकृताचा वेग कॉफीने वाढत नाही, गार पाण्याच्या अंघोळीनेही नाही.

समजा, सत्तर किलोच्या माणसाने रात्री आठ ते अकरामध्ये व्हिस्कीचे ६० मिलीचे तीन पेग घेतले. अकरा वाजता त्याच्या १०० मिली रक्तात ढोबळमानाने ८० मिलीग्रॅम अल्कोहोल असेल. तासाला साधारण १५ मिलीग्रॅम उतरतं. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ३० ची आहे. तिथे पोचायला पहाटेचे अडीच वाजतील, सगळी उतरायला साडेचार. पोट रिकामं असेल, अंगकाठी लहान असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो.

माझं मत पालटलं ते मात्र आकड्यांमुळे नाही. कॉफीनंतर किल्लीवरून जी हुज्जत सुरू होते, तिच्यामुळे. पेंगणारा माणूस निमूटपणे गादीवर जातो. कॉफी प्यायलेला ताठ उभा राहतो आणि मनापासून म्हणतो, ‘आता मी एकदम ठीक आहे.’ तो खोटं बोलत नसतो, त्याला तसं खरंच वाटत असतं, कारण थांबवणारी झोप गेलेली असते. अंदाज चुकणं, ब्रेकवर पाय उशिरा जाणं मात्र तसंच असतं. शिवाय कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, म्हणजे नंतरची झोपही गेली.

कोणाला फक्त टॅक्सी येईपर्यंत जागं ठेवायचं असेल, तर अर्धा कप द्यायला माझी हरकत नाही. एरवी मी पाणी देतो आणि अंथरूण घालतो. झोपवताना कुशीवर झोपवा, उताणं नको, उलटी घशात अडकू शकते. अधूनमधून हाक मारून बघा, कारण शेवटच्या पेगनंतरही काही वेळ रक्तातलं प्रमाण चढत राहतं. हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार सावकाश किंवा थांबून-थांबून येत असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन लावा.